स्टेजच्या मागची बाजू

माझी वहिनी लग्नाचे हॉल सजवते. हे ऐकलं की लोक म्हणतात, "वा, किती छान काम!" अशा लोकांना मी एकदा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर हॉलवर पाठवणार आहे. वहिनी शिडीवर उभी राहून पडदे उतरवत असते, तोंडात टाचण्या धरलेल्या असतात. खाली माझा भाऊ लोखंडी पाइप सोडवून टेम्पोत भरत असतो. हॉलचा माणूस सारखा येऊन "आटपा, पुढची पार्टी येईल" म्हणून जातो. घरी आल्यावर पडदे भिजवायचे, सॉसचे आणि लिपस्टिकचे डाग काढायचे, वाळवायचे, इस्त्री करून घड्या घालायच्या. संध्याकाळी वहिनीचे पाय सुजलेले असतात. ते स्टुलावर टाकून ती पुढच्या लग्नाची कागदी फुलं करत बसते.

ती स्वस्तात सजावट करते. स्वस्तात करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचं स्वस्त लांबून ओळखू येतं. वहिनीचं येत नाही. काम घेतलं की ती आधी रिकाम्या हॉलच्या दारात जाऊन उभी राहते. आत शिरलेला माणूस पहिल्यांदा कुठे बघतो ते तिला पाहायचं असतं. पैसे तिथेच घालायचे. खरी फुलं फक्त नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या आजूबाजूला आणि डोक्यामागे, जिथे कॅमेरा जवळ येतो तिथे. त्याच्या वर पाला, आणखी वर कागद. दिवे पिवळे, आणि तेही मध्यभागावरच. कोपरे ती तसेच सोडून देते. "अंधार फुकट मिळतो," ती म्हणते, "तो का नाही वापरायचा?" शिवाय ज्यांचं लग्न असेल त्यांच्या घरातलंच काहीतरी मागून आणते. आजीनं विणलेला पलंगपोस, काचेच्या बरण्या, गच्चीवर टाकलेली जुनी खिडकीची चौकट. ते स्टेजवर असं काही बसवते की पाहुण्यांना वाटतं, मुद्दाम कुठून तरी मागवलंय.

कामं तिला कानोकानी मिळत. जिच्या मुलीच्या लग्नात सजावट केली, ती बाई आपल्या बहिणीला बाजूला घेऊन हळूच नंबर द्यायची. हळूच का, याचा मी कधी विचार केला नव्हता. माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, पाट्या आणि लोकांच्या जाहिराती. विचार करायला वेळ मिळाला असता तर मी हा धंदा केला नसता.

आमच्या भागात एक हॉल आहे. भाडं परवडणारं, म्हणून बेताच्या ऐपतीची बरीच लग्नं तिथेच होतात. वहिनीची निम्मी कामं त्याच हॉलची. तिथल्या मॅनेजरनं एके दिवशी जाहीर केलं की यापुढे हॉलच्या यादीत फक्त तीन डेकोरेटर राहतील. यादीबाहेरचा डेकोरेटर आणायचा तर पार्टीनं हॉलला वेगळे पैसे मोजायचे. ज्यांच्यासाठी वहिनी काम करते त्यांना तो वरचा भुर्दंड झेपणारा नव्हता. म्हणजे यादीत नाव नाही तर हॉल गेला, आणि हॉल गेला तर निम्मं घर गेलं. नाव लागण्यासाठी प्रत्येकानं आपल्या कामाचा अल्बम करून द्यायचा, पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहायची. अल्बम बाहेर लॉबीतल्या टेबलावर राहणार आणि बुकिंगला येणारे लोक तो चाळून डेकोरेटर निवडणार.

वहिनीनं आयुष्यात असलं काही केलं नव्हतं. त्यात लागोपाठ तीन लग्नं अंगावर होती. ती माझ्या पुतणीला म्हणाली, "तू आणि काका मिळून करा. माझे डोळे उघडे राहत नाहीत." आणि बोलता बोलता भिंतीला टेकून झोपलीसुद्धा.

पुतणी एका कंपनीत जाहिरातीचं काम बघते. हुशार आहे, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक आहे. तिनं आईच्या फोनमधले स्टेजचे फोटो निवडले, ओळख लिहिली, आणि मी तिच्यावर मथळा चढवला: 'खिसा लहान, थाट महान!' दातांच्या दवाखान्यापासून शिकवण्यांपर्यंत सगळ्यांचे मथळे मीच पाडत आलोय, त्यामुळे असली यमकं मला झोपेतही सुचतात. मग पुतणी म्हणाली, "काका, नुसते फोटो बघून कुणाला कळणार हे किती कमी पैशांत झालंय? प्रत्येक फोटोखाली आकडा टाकू." मला तर कल्पना फारच आवडली. आकडे माझ्या भावाला तोंडपाठ होते. तो एरवी बोलायला महाग आहे, पण आकडे विचारल्यावर त्यानं धडाधड सांगितले. अल्बम छापून, बांधून तयार झाला. मुदत जवळ आली होती म्हणून पुतणी दुकानातूनच तो घेऊन परस्पर हॉलवर गेली.

दुपारी वहिनी एक स्टेज उतरवून दुकानात आली. खुर्चीत बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, "दाखवा बघू, काय दिवे लावलेत."

मी संगणकावर पानं दाखवायला लागलो. मथळा वाचून ती थोडीशी हसली. दुसऱ्या पानावर तिचं हसू गेलं. तिसऱ्या पानावर तिनं माझा हात धरला.

"हे आकडे छापलेत?"

"छापलेत की. त्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

"भावजी, ही माणसं इथेच राहतात," ती म्हणाली. "ह्या पानावरची मुलगी. तिच्या वडिलांचं दुकान त्या वर्षी बुडालं होतं. सजावट आपल्याकडून असं ते आधीच बोलून बसले होते. मला म्हणाले, जेवढे आहेत तेवढे हे, पण तिच्या सासरी कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, नाही कळणार. ह्यातल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. वहिनी इतकी वर्षं लोकांच्या मुठी झाकत होती, आणि आम्ही काका-पुतणीनं त्या सगळ्या उघडून, रंगीत छापून लॉबीत मांडल्या होत्या. वहिनीनं चपला पुन्हा पायात अडकवल्या. सुजलेल्या पायांत त्या लवकर जाईनात.

भाऊ बाहेर टेम्पोतच होता. आम्ही तसेच, मागे पाइप खडखडत, हॉलवर गेलो.

लॉबीत टेबलाभोवती एक कुटुंब बसलं होतं. पुतणी मॅनेजरशी बोलत उभी होती, चेहरा आनंदानं फुललेला. वहिनी दारातच थबकली. टेबलाशी बसलेल्या साठीच्या बाईंच्या मांडीवर आमचा अल्बम उघडा होता. शेजारी त्यांची सून बसली होती. तिच्याकडे बघूनच मला कळलं की ही त्याच पानावरची मुलगी. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. सासूबाई धाकट्या मुलाच्या लग्नासाठी हॉल बुक करायला आल्या होत्या आणि मोठ्या मुलाचं स्टेज त्यांना अल्बममध्ये सापडलं होतं. त्यांनी चष्मा वर सारून खालचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"अगं, हे तर तुमचंच लग्न," त्या सुनेला म्हणाल्या. "पण तुझे वडील तर म्हणाले होते..."

"नमस्कार," वहिनी पुढे होऊन म्हणाली. "ओळखलंत का? मीच केली होती ती सजावट. तो आकडा चुकलाय हं."

"चुकलाय?"

"घाईत छापलं. ह्या लग्नाचा खर्च पुष्कळ जास्त होता. तुमच्या व्याह्यांनी कशातही हात आखडता घेतला नव्हता."

सून मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मॅनेजरचे कान मात्र टवकारले होते. तो उठून आला. "म्हणजे काय? तुमची मुलगी मला मघापासून सांगतेय की आमचे दर बघा, एवढ्यात कोणी करून देत नाही म्हणून. आणि आता तुम्ही म्हणता आकडा चूक. मग बाकीचे?"

वहिनीनं पुतणीकडे पाहिलं. पुतणी तोंड उघडणार तोच माझ्या भावानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्याला एवढ्या चपळाईनं हलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाकीचेही चुकलेत," वहिनी म्हणाली. "सगळेच."

"असं कसं चालेल, ताई? उद्या गिऱ्हाईक हाच आकडा धरून माझ्याशी भांडेल. खोटे दर छापणाऱ्याचं नाव मी यादीत कसं घालू?" त्यानं अल्बम मिटून वहिनीच्या हातात दिला. "शनिवारी यादी लागतेय. तोवर नीट काही आणलंत तर बघतो. माझा भरवसा धरू नका."

बाहेर आल्यावर पुतणी रडली. "आई, ते आकडे खरे होते. तू स्वतःच स्वतःला खोटं पाडलंस. त्या मुलीला एका दिवसाचं वाईट वाटलं असतं. आपल्याला वर्षभराचं वाईट वाटणार आहे."

"तिला एका दिवसाचं नसतं वाटलं," वहिनी म्हणाली. "तिला तिथे राहायचंय." मग टेम्पोच्या पायरीवर बसून तिनं डोळे मिटले. "तुझंही चूक नाही. मी दमले होते. बघायला हवं होतं मी."

अडचण साधी होती आणि तिला उत्तर नव्हतं. वहिनीचा माल म्हणजे कमी पैशांतली कल्पकता. ती विकायची तर काम दाखवायला हवं आणि किंमतही सांगायला हवी. पण दोन्ही एकत्र दाखवलं की कुणाची तरी मूठ उघडी पडणार. आकडा काढून टाकला तर इतर डेकोरेटरांचे अल्बम आमच्यापेक्षा चकचकीत होते, आणि मग वहिनीकडे यायचं कशाला? मी आणखी दोन मथळे पाडले. पुतणी म्हणाली, "काका, प्लीज."

मग मी वहिनीचा फोन घेऊन, कुणाचंही नसलेलं एखादं स्टेज सापडतं का ते शोधत बसलो. फोटो सरकवता सरकवता मला विचित्र काहीतरी दिसायला लागलं. पाइपांचे सांधे. कापडाच्या उलट्या शिवणी. कागदाच्या क्लिपांची रांग. फाटका पडदा मधोमध दुमडून त्यातून केलेली झालर. असे शेकडो फोटो.

"वहिनी, हे काय आहे?"

"ते माझं माझ्यासाठी," ती कागद कापता कापता म्हणाली. "स्टेज लागलं की मागून एक फोटो घेऊन ठेवते. कुठे काय बांधलं ते पुढच्या वेळी आठवावं म्हणून. आता आठवत नाही पहिल्यासारखं."

पुतणीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ती बराच वेळ बघत राहिली. मागून पाहिल्यावर कुठलं स्टेज कुणाचं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण पैसे कुठे वाचवलेत ते मात्र आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. वर एकही फूल वाया घालवलेलं नव्हतं. महागड्या वाटणाऱ्या कमानीच्या आत प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या.

"आई, हेच द्यायचं," पुतणी म्हणाली.

"वेडी आहेस का? हे दाखवतात का कुणाला? हे म्हणजे घर दाखवायला बोलवायचं आणि मोरी दाखवायची."

पण तिच्यात वाद घालण्याइतकी ताकद उरली नव्हती. तरी एखादं स्टेज पुढूनही दिसायला हवंच होतं, म्हणून त्यांनी आमच्याच गोदामात एक लावलं. कोणाच्याच लग्नाचं नाही. वहिनीचे पडदे, तिची कागदी फुलं, आमच्या घरातली जुनी आरशाची चौकट. दिवे लावून झाल्यावर खुर्च्यांची उंची बरोबर आहे का ते बघायला वहिनी आणि माझा भाऊ तिथे जाऊन बसले. दिवसभर राबलेली माणसं, बसल्या बसल्या दोघांचा डोळा लागला. भावाची मान मागे, वहिनीची त्याच्या खांद्यावर, तिच्या बोटात टाचणी तशीच. पुतणीनं फोटो काढला. वहिनीनं तो पाहून कपाळाला हात लावला, पण थोड्या वेळानं म्हणाली, "राहू दे. आमचं कुणापासून लपवायचं आहे?" त्या एका फोटोखाली खरा आकडा छापला, पैसा न पैसा धरून, आणि शेजारी त्याच स्टेजची मागची बाजू.

ओळख मात्र या वेळी आमच्यापैकी कुणी रचली नाही. वहिनी कातरत बसली होती आणि पुतणी विचारत होती, वहिनी जे बोलली ते मी उतरवून घेतलं. एक शब्दही चढवला नाही, आणि मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

'मी लग्नाचे हॉल सजवते. इथे एकच स्टेज पुढून दिसेल, ते आमचं घरचं आहे. बाकीची मागून आहेत. पुढची बाजू ज्यांचं लग्न होतं त्यांची. त्यांनी ती आपल्या पाहुण्यांना दाखवली, ती मी पुन्हा दाखवत नाही. मागची बाजू माझी. कापड कुठे जोडलंय, फुलं कुठे वाचवलीत, ते सगळं नीट बघा. तुमच्याकडे किती आहेत ते मला एकटीला सांगा. तेवढ्यात बसवून देते. पुढून कुणाला दिसणार नाही.'

खाली माझ्या दुकानाचा पत्ता, कारण वहिनीला बसायला वेगळी जागा नाही.

शनिवारी मॅनेजरनं अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळला. झोपलेल्या जोडप्याच्या पानावर त्याला हसू आलं, ते त्यानं खोकून झाकलं. "ताई, गिऱ्हाईकाला स्वप्नं बघायची असतात. तुम्ही त्यांना दोऱ्या दाखवताय." तरी अल्बम टेबलावर ठेवला. दुपारी यादी लागली, त्यात तीन नावं होती आणि वहिनीचं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, अल्बम राहू दे हवा तर, जागा अडवत नाही.

त्यानंतर वहिनी माझ्या दुकानात जास्त वेळ बसायला लागली. पत्रिकांची कातरणं गोळा करायची आणि त्यांची फुलं करायची. कुठल्या लग्नासाठी, ते मी विचारत नव्हतो. पुतणीनं तिला दुसऱ्या हॉलचे पत्ते काढून दिले होते, ते ती पर्समध्ये घेऊन फिरायची. एकदा म्हणाली, "भावजी, शिडी आता नकोशीच झालीय. झालं ते बरंच झालं." ती खोटं बोलत होती हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अशाच एका दुपारी हॉलवरच्या त्या सासूबाई दुकानात आल्या. एकट्याच. काखेत आमचा अल्बम होता, लॉबीतून थेट उचलून आणलेला. मी खुर्ची दिली. त्या वहिनीसमोर बसल्या, अल्बम उघडला आणि मागच्या बाजूंवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्यातलं माझ्या मोठ्याच्या लग्नातलं कुठलं?"

"ते मी सांगत नाही," वहिनी म्हणाली.

"त्या दिवशीचा आकडा खरा होता ना?"

"कुठला आकडा?"

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. वहिनी शांतपणे पाकळी दुमडत होती. मी छपाईचं यंत्र बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू करावं की नाही हे मला कळेना.

"मला सजावट तुमच्याकडूनच हवी," सासूबाई म्हणाल्या. "मॅनेजरला सांगितलं, हिला यादीत घाला, नाहीतर बुकिंग दुसरीकडे नेते. तो कुरकुरला, पण नाव घालतोय." मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी उगाचच कागद मोजायला लागलो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "ह्यांची नोकरी गेलीय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्याच्या लग्नासारखंच दिसायला हवं, आणि त्या आकड्यातच बसायला हवं. जमेल?"

वहिनीनं हातातलं फूल खाली ठेवलं. "जमेल."

"आणि एक," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला कळता कामा नये. तिच्या वडिलांनी केवढा खर्च केला होता. तिच्यासमोर मला मान खाली घालायला नको."

वहिनीनं पाय स्टुलावरून खाली घेतले आणि चपला शोधायला लागली.

"नाही कळणार," ती म्हणाली. "तुमच्या घरात जुनं काही पडलंय का? चला, बघून येऊ."